जुन्या मोबाइलचा आयएमईआय आणि विक्रेत्याचे म्हणणे: पैसे देण्यापूर्वीची तपासणी

जुना फोन विकत घेतल्यानंतर काही दिवसांनी दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला वेगवेगळ्या असतात, पण फोन उघडण्याची वेळ येण्याआधीच त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. फोन विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट आणि फोनच्या आयएमईआयने, म्हणजे त्या फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, सांगितलेली गोष्ट जुळत नाही. हा दोष पैसे देण्यापूर्वी फुकटात किंवा एका एसएमएसच्या खर्चात पकडता येतो. पैसे दिल्यानंतर मात्र त्यावर दुरुस्तीच्या दुकानात इलाज नसतो, म्हणून तपासणीचा क्रम आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर देत आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त वेळा दिसणारे लक्षण म्हणजे काल व्यवस्थित चालणाऱ्या फोनवर आज दोन्ही सिमना नेटवर्क न मिळणे. पडद्यावर फक्त आपत्कालीन कॉलची सूचना दिसते आणि तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की लगेच चालू होते. काही फोनमध्ये एकाच सिमचे नेटवर्क जाते. काही ग्राहकांचा फोन रीसेट केल्यावर आधीच्या मालकाचे गूगल खाते मागतो. काहींच्या पडद्यावर कर्जाचा हप्ता थकल्याचा संदेश येऊन फोन बंद पडतो. आयएमईआय पाहायला गेल्यावर तेथे शून्ये दिसणे, जागा रिकामी असणे किंवा दोन्ही सिमसाठी अगदी एकच क्रमांक असणे, ही आणखी एक ठळक खूण आहे. वॉरंटीसाठी फोन सेवा केंद्रात नेला आणि क्रमांक नोंदीशी जुळत नाही म्हणून तो परत मिळाला, असेही होते. एखाद्याला थेट पोलीस ठाण्यातूनच फोन येतो.

नेटवर्क जाण्याचे लक्षण फसवे असते, कारण अँटेना सुटली किंवा बोर्डावरचा भाग खराब झाला तरी ते असेच दिसते. फरक ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून उपलब्ध नेटवर्कची यादी शोधायला लावावी. यादीत वेगवेगळ्या कंपन्यांची नावे येत असतील, पण आपल्या सिमच्या कंपनीवर बोट ठेवल्यावर नोंदणी नाकारली जात असेल आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचेही तसेच होत असेल, तर फोनचा रेडिओ ऐकतो आहे आणि त्याला जाळ्याबाहेर ठेवले गेले आहे असे समजावे. यादीच रिकामी येत असेल, तर संशय हार्डवेअरवर घ्यावा.

क्रमांक काय सांगतो आणि काय सांगत नाही

आयएमईआय पंधरा अंकी असतो. पहिले आठ अंक फोनचे मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या मॉडेलमधल्या त्या एका नगाचे असतात आणि शेवटचा अंक आधीच्या चौदा अंकांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. त्या दोघांचे पहिले आठ अंक सारखेच असले पाहिजेत असे नाही, त्यामुळे तेवढ्यावरून विक्रेत्यावर संशय घेऊ नये.

चोरीला गेलेला किंवा हरवलेला फोन बंद करण्यासाठी दूरसंचार विभागाची केंद्रीय नोंदवही आहे. तिला सीईआयआर म्हणतात. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा प्रायोगिक वापर महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली येथे सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये संचार साथी या पोर्टलसोबत ती देशभर खुली झाली. पोलिसांत तक्रार देऊन मालकाने विनंती नोंदवली की तो क्रमांक देशातल्या सर्व मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यांवर बंद होतो.

येथेच बहुतेक खरेदीदारांची गफलत होते. नोंदवहीत क्रमांक ‘वैध’ दिसला म्हणजे फोन स्वच्छ आहे असे ते धरून चालतात. वास्तविक त्या उत्तराचा अर्थ एवढाच असतो की हा क्रमांक एका मान्य मॉडेलचा आहे आणि या क्षणी तो काळ्या यादीत नाही. काल रात्री चोरलेल्या आणि अजून तक्रार न झालेल्या फोनचा क्रमांकही वैधच दिसतो. परदेशात चोरीस गेलेला फोन आपल्या यादीत नसेल, तर तोही वैध दिसतो. शिवाय एखाद्या बंद पडलेल्या फोनचा क्रमांक चोरीच्या फोनमध्ये लिहिला, तर तो क्रमांकही वैधच असणार. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच प्रश्नासाठी आहे. हा क्रमांक याच यंत्राचा आहे का, आणि हे यंत्र याच माणसाचे आहे का?

भेटीपूर्वी: क्रमांक मागवणे

सर्वांत स्वस्त तपासणी घरबसल्या होते. विक्रेत्याकडे दोन्ही आयएमईआय संदेशाने मागावेत. जाहिरातीत क्रमांक उघड न टाकणे हे विक्रेत्याचे शहाणपणच आहे, कारण असे उघडे क्रमांक उचलून दुसऱ्या फोनमध्ये लिहिले जातात. पण प्रत्यक्ष घेऊ इच्छिणाऱ्याला खासगीतही क्रमांक द्यायला जो नकार देतो आणि भेटीत दाखवण्याचीही तयारी ठेवत नाही, त्याच्यासाठी पुढचा वेळ घालवू नये.

आलेले अंक मोजावेत. काही फोन पंधरा अंकांनंतर तिरकी रेघ देऊन आणखी दोन अंक दाखवतात. ते सॉफ्टवेअर आवृत्तीचे असतात आणि तपासणीत लिहायचे नसतात. अंक पंधराच असतील, तर शेवटचा अंक बरोबर आहे का हे कागदावर पाहता येते. उदाहरणासाठी नेहमी वापरला जाणारा नमुना क्रमांक घेऊ:

```
490154203237518
```

पहिल्या चौदा अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानावरचे अंक दुप्पट करावेत आणि दुप्पट दोन अंकी आली तर तिचे दोन अंक एकमेकांत मिळवावेत. येथे ९, १, ४, ०, २, ७, १ यांचे ९, २, ८, ०, ४, ५, २ होतात आणि बेरीज ३० येते. विषम स्थानावरचे ४, ०, ५, २, ३, ३, ५ हे जसेच्या तसे मिळवले की २२ होतात. एकूण ५२. पुढची दशकपूर्ण संख्या ६० असल्याने शेवटचा अंक ८ हवा, आणि तो तसाच आहे. हे गणित चुकले तर क्रमांक लिहिताना चूक झाली आहे किंवा तो मनाने रचला आहे. गणित बरोबर आले तर मात्र आनंदून जाऊ नये, कारण दुसऱ्या फोनवरून उतरवलेला खरा क्रमांकही याच गणितात चोख बसतो.

नोंदवहीला विचारणे

आपल्या मोबाइलवरून पुढील मजकूर १४४२२ या क्रमांकावर एसएमएसने पाठवावा, ज्यात नमुना अंकांच्या जागी विक्रेत्याने दिलेला क्रमांक लिहावा:

```
KYM 490154203237518
```

हीच सोय संचार साथीच्या पोर्टलवर आणि अॅपमध्येही आहे. दोन्ही आयएमईआय स्वतंत्रपणे तपासावेत. घाईत फक्त पहिलाच क्रमांक पाहिला जातो आणि गोंधळ दुसऱ्यात असतो, कारण तक्रार करणाऱ्या मूळ मालकाजवळ कधी कधी एकच क्रमांक हाताशी असतो आणि तेवढाच बंद झालेला असतो.

उत्तरात क्रमांक काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीपासून वापरात असल्याचे आले, तर तो फोन घेऊ नये असे दूरसंचार विभाग स्वतःच सांगतो. डुप्लिकेट शेऱ्याला हलके समजू नये. २०२० मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून अधिक फोन चालत असल्याचे आढळले होते. अशा क्रमांकावर उद्या एखादी तक्रार आली, तर त्यामागे नेमका कोणाचा फोन आहे हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येऊ शकतो.

उत्तरातला सर्वांत उपयोगी भाग वैध-अवैध हा शेरा नसून ब्रँड आणि मॉडेलचे नाव हा आहे, आणि नेमका तोच लोक वाचत नाहीत. मॉडेल बाजारातल्या नावाऐवजी कंपनीच्या सांकेतिक क्रमांकाने येऊ शकते. म्हणून फोनच्या सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ मध्ये मॉडेल नंबर पाहून तो त्याच्याशी ताडावा. ब्रँडच वेगळा आला तर तो क्रमांक त्या यंत्राचा नाही, मग शेरा कितीही चांगला असो.

फोन हातात आल्यावर

भेट दिवसा, उजेडात आणि वायफाय किंवा डेटा मिळेल अशा ठिकाणी ठेवावी. फोन बंद असेल, बॅटरी उतरली असेल किंवा ‘घरी जाऊन चार्ज करा’ असे सांगितले जात असेल, तर व्यवहार पुढे ढकलावा. पहिल्यांदा डायलरवर हे दाबावे:

```
*#06#
```

पडद्यावर आलेले क्रमांक तीन ठिकाणच्या क्रमांकांशी अंकाअंकाने जुळवावेत: सेटिंग्जमधले, खोक्यावरच्या स्टिकरवरचे आणि बिलावरचे. शेवटचे चार अंक पाहून समाधान मानू नये, कारण बनावट स्टिकर छापणारेही तेच अंक नीट जुळवतात. सिम ट्रेवर किंवा पाठीवर क्रमांक कोरलेला असेल तर तोही पाहावा. या चार जागा सारख्या विश्वासाच्या नाहीत. खोके आणि बिल हे कागद आहेत आणि कागद छापता येतो. ट्रे आणि पाठ बदलता येतात. डायलर दाखवतो तो क्रमांक फोनच्या मोडेमकडून येतो, पण मोडेममध्येही क्रमांक बदलून लिहिणारे लोक आहेत. म्हणूनच तिन्ही जुळले, तरी नोंदवहीतले मॉडेल जुळते का हा प्रश्न शिल्लक राहतो.

क्रमांक जुळत नसल्यास विक्रेता बहुधा बोर्ड बदलल्याचे कारण देतो. हे कारण खरे असू शकते. सेवा केंद्राने मदरबोर्ड बदलला की नव्या बोर्डाचा आयएमईआय वेगळा असतो आणि खोक्यावर जुनाच राहतो. प्रामाणिक विक्रेत्याला केवळ त्यामुळे चोर ठरवू नये. पण अशा वेळी त्याच्याकडे सेवा केंद्राची जॉबशीट असते आणि तिच्यावर नवा क्रमांक लिहिलेला असतो. दुसरे म्हणजे, अधिकृत बोर्ड त्याच मॉडेलचा असल्यामुळे नव्या क्रमांकावरही नोंदवही त्याच मॉडेलचे नाव सांगते. या दोन गोष्टींपैकी एकही नसेल, तर बोर्डाची कथा तेथेच संपते.

एक प्रकरण

एका महाविद्यालयीन मुलाने जाहिरातीतून चौदा हजारांत ठरवलेला मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन पैसे देण्यापूर्वी आमच्या दुकानात आणला होता. विक्रेता सोबतच होता. त्याचे म्हणणे असे, की फोन एक वर्षाचा आहे, तो पहिलाच मालक आहे, आणि बिल, बॉक्स सगळे आहे. डायलर, सेटिंग्ज, स्टिकर आणि बिल या चारही ठिकाणी क्रमांक एकच होता. शेवटचा अंकही गणितात बसत होता. येथपर्यंत पाहून कोणीही पैसे मोजले असते.

एसएमएस केल्यावर पहिला क्रमांक वैध असल्याचे उत्तर आले, पण मॉडेलच्या जागी दुसऱ्याच कंपनीच्या बटणांच्या साध्या फोनचे नाव होते. म्हणजे भंगारात गेलेल्या एखाद्या फोनचा जिवंत क्रमांक या फोनमध्ये लिहिला होता आणि त्यानुसार स्टिकर व बिल नंतर छापले होते. चारही ठिकाणी सारखाच क्रमांक दिसत होता तो त्यामुळेच.

विक्रेत्याने अपेक्षेप्रमाणे बोर्ड बदलल्याचे सांगितले. बोर्ड बदलला असता तर खरेदीच्या दिवशीच्या बिलावर जुना क्रमांक दिसला असता, नवा नव्हे. मग बिल बारकाईने वाचले. दुकानाचा पत्ता सुरतचा होता, पण जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, गुजरातचे २४. रकमेचे गणितही विचित्र होते. करासह १८,९९९ रुपयांच्या फोनची मूळ किंमत १.१८ ने भागून १६,१००.८५ रुपये निघते आणि कराचे दोन भाग प्रत्येकी सुमारे १,४४९ रुपयांचे होतात. या बिलात १८,९९९ चे थेट १८ टक्के, म्हणजे ३,४१९.८२ रुपये काढून ते वजा केले होते. बिलिंगचे सॉफ्टवेअर अशी चूक करत नाही, हाताने बिल रचणारा करतो. मुलाने फोन परत दिला. विक्रेत्यानेही किंमत उतरवण्याचा प्रयत्न न करता फोन खिशात घातला आणि तो निघून गेला.

बिलाची तपासणी यापेक्षा वेगळी करायची गरज नसते. जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावर करदात्याच्या शोधात तो क्रमांक टाकला की व्यवसायाचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसते. नोंदणीच्या आधीच्या तारखेचे बिल असेल तर ते खोटे आहे. ‘तीनच महिने वापरला’ या दाव्यासाठी बिलाची तारीख एकटी पुरेशी नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावर वॉरंटीची मुदत दिसत असेल, तर तीवरून फोन प्रथम केव्हा चालू झाला याचा अंदाज येतो आणि तो विक्रेत्याच्या गोष्टीशी ताडता येतो.

खाती आणि हप्त्याचे कुलूप

यापुढच्या पायऱ्यांना थोडा वेळ लागतो, पण खर्च नसतो. विक्रेत्याने आपल्यासमोर खाते काढून टाकावे आणि सेटिंग्जमधूनच फोन रीसेट करावा. बटणे दाबून रिकव्हरीतून केलेला रीसेट या कामी चालत नाही, कारण खाते न काढता तसा रीसेट केला की अँड्रॉइड सुरू होताना आधीचे खाते मागतो, आणि ‘मी घरी जाऊन पासवर्ड पाठवतो’ हे आश्वासन बहुधा घरी पोहोचत नाही. फोन पुन्हा सुरू झाल्यावर इंटरनेट जोडून मुख्य पडद्यापर्यंत पोहोचावे. मध्येच थांबून ‘आता होईलच’ असे समजू नये. आयफोनमध्येही हाच नियम आहे. विक्रेत्याने आपल्या अॅपल खात्यातून बाहेर पडून फोन पुसला पाहिजे आणि नव्याने सुरू करताना कोणाचाही आधीचा आयडी विचारला जाता कामा नये. रीसेट करण्यापूर्वी ‘अबाउट’ मध्ये मॉडेल क्रमांकाचे पहिले अक्षरही पाहून घ्यावे. M म्हणजे नवा विकलेला, F म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला आणि N म्हणजे बदली दिलेला नग. ‘नवाच घेतला होता’ असे म्हणणाऱ्याच्या फोनवर N दिसले, तर हा फोन कोणत्या तक्रारीवर बदलून मिळाला हे विचारावे.

अलीकडे त्याहून जास्त त्रास हप्त्यावर घेतलेल्या फोनचा होतो. कर्ज देणारी संस्था फोनमध्ये कुलपाचे सॉफ्टवेअर बसवते. त्यातले काही प्रकार आयएमईआयशी जोडलेले असतात आणि रीसेट केल्यावरही इंटरनेट मिळताच परत येतात. आज फोन चालतो, कारण आज हप्ता भरलेला आहे. विक्रेत्याने पैसे घेऊन पुढचे हप्ते थांबवले की दोन महिन्यांनी कुलूप तुमच्या हातातल्या फोनला लागते. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अॅडमिन अॅप्स’ यादी उघडून पाहावी. रीसेटनंतर ‘हे उपकरण संस्थेकडून नियंत्रित आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते का तेही पाहावे. बिलावर वित्तसंस्थेचे नाव किंवा कर्जखाते क्रमांक असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र, म्हणजे एनओसी, मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘शेवटचाच हप्ता राहिला आहे’ असे असेल तर तो तुमच्यासमोर भरून पत्र येईपर्यंत थांबणे हाच उपाय आहे.

सिम घालणे

अनेक जण हे सर्वांत आधी करतात, पण मी ते मुद्दाम इतके मागे ठेवले आहे. तक्रार झालेल्या फोनमध्ये सिम पडले की त्या आयएमईआयसोबत तुमचा मोबाइल क्रमांक तपासयंत्रणेला दिसू शकतो, आणि तुमचा काहीही संबंध नसताना पोलिसांच्या चौकशीचा पहिला फोन तुम्हालाच येतो. म्हणून नोंदवहीचे उत्तर आल्यावरच आपले सिम घालावे. दोन्ही खाचांमध्ये आळीपाळीने घालून एक कॉल करावा, एक घ्यावा आणि डेटा चालतो का ते पाहावे. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम वापरावीत. एका खाचेत ‘सिम नाही’ असे येत असेल तर तो खाचेचा दोष आहे. सिम ओळखले जाते पण नेटवर्क नाकारले जाते, तर वर सांगितलेली यादीची तपासणी करावी.

पॅनेल, कॅमेरा, स्पीकर आणि बॅटरी यांची तपासणी याच वेळी उरकावी. सॅमसंगच्या बहुतेक फोनवर *#0*# आणि शाओमीच्या फोनवर *#*#6484#*#* हे दाबल्यावर चाचणीचा पडदा उघडतो. ते दोष पैशांनी दुरुस्त होतात, आयएमईआयचे होत नाहीत, एवढाच फरक लक्षात ठेवून किंमत ठरवावी.

माणूस आणि पावती

फोन यंत्र म्हणून खरा निघाला तरी तो विकण्याचा हक्क समोरच्याला आहे का, हे उरते. बिलावरचे नाव आणि विक्रेत्याचे ओळखपत्र जुळले तर प्रश्न मिटतो. जुळत नसेल तर बिलावरच्या व्यक्तीशी फोनवर बोलणे करून द्यायला सांगावे. ‘काकांचा फोन आहे’ असे म्हणणाऱ्याला काकांना फोन लावायला अडचण नसते. पैसे रोख देण्यापेक्षा विक्रेत्याच्याच नावाच्या खात्यावर यूपीआयने द्यावेत, म्हणजे नाव, रक्कम आणि वेळ यांची नोंद राहते. ‘मित्राच्या नंबरवर टाका’ असे सांगितले गेले की तेथे थांबावे.

पावती साध्या कागदावर चालते. तिच्यात फोनचे मॉडेल, दोन्ही आयएमईआय पूर्ण अंकांत, रक्कम, तारीख, विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि सही असावी. फोन चोरीचा नाही आणि त्यावर कर्ज बाकी नाही, असे एक वाक्य त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. या कागदाने चोरीचा फोन तुमचा होत नाही, हे ठाऊक असू द्यावे. त्याचा उपयोग वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे मालमत्ता चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ती अप्रामाणिकपणे घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तुम्ही विचारपूस केली होती हे दाखवायला पावती, यूपीआयची नोंद आणि एसएमएसचे उत्तर उपयोगी पडतात. त्यामुळे त्या उत्तराचे छायाचित्र जपून ठेवावे आणि पैसे देण्याच्या वेळी एसएमएस पुन्हा एकदा करावा. चार दिवसांपूर्वी वैध आलेला क्रमांक आज काळ्या यादीत गेलेला असू शकतो.

कोठे थांबावे

महागडा फोन असेल आणि तरीही शंका उरली, तर विक्रेत्याला सोबत घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जावे. बोर्ड बदलला आहे का, आत पाणी गेले होते का, नोंदीत हा क्रमांक याच मॉडेलचा आहे का, हे तेथे कळू शकते. तपासणीचा खर्च कोणी करायचा ते आधी ठरवावे. जो विक्रेता केंद्रात यायला तयार होत नाही, त्याच्याबद्दलची शंका तेथेच फिटते.

आयएमईआयच्या जागी शून्ये किंवा रिकामी जागा दिसत असेल, तर तो फोन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पाणी गेल्याने किंवा चुकीचे सॉफ्टवेअर टाकल्याने क्रमांकाची नोंद उडाली, असे घडू शकते, पण ती परत आणणे हे अधिकृत सेवा केंद्राचे काम आहे. बाहेर ‘पाचशेत आयएमईआय लिहून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. आम्ही हे काम दुकानात घेत नाही आणि ग्राहक नाराज होऊन गेला तरी घेणार नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे असा ओळख क्रमांक बदलणे, आणि बदललेला क्रमांक असल्याचे जाणून तो फोन जवळ बाळगणे, या दोन्ही गोष्टींना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे क्रमांक लिहून देणाऱ्याइतकाच लिहून घेणाराही अडकतो.

पैसे देऊन झाल्यावर क्रमांक काळ्या यादीत असल्याचे कळले, तर फोन तत्काळ बंद करून सिम काढून घ्यावे. तो रीसेट करू नये आणि उघडायलाही देऊ नये, कारण मूळ मालकाची ओळख पटवणारी खूण आतच असते. तो पुढे कोणाला विकणे तर अजिबात करू नये. तसे केले की तुम्ही फसवलेल्याचे फसवणारे होता. पावती, पैशांची नोंद, विक्रेत्याशी झालेले संदेश आणि जाहिरातीचे छायाचित्र घेऊन आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात जावे, फोन जमा करून त्याची पोच घ्यावी आणि विक्रेत्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार द्यावी. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी, कारण रक्कम समोरच्याच्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. चौकशीचा फोन आधीच आला असेल आणि आपल्याकडे यातला एकही कागद नसेल, तर पोलीस ठाण्यात जबाब देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आधीच्या मालकाच्या खात्याचे कुलूप किंवा हप्त्याचे कुलूप असलेल्या फोनचे तसे नाही. त्याचे उत्तर फक्त मूळ खातेदार किंवा कर्ज देणारी संस्था यांच्याकडेच असते. संस्थेकडे बिल घेऊन गेल्यास थकीत रक्कम कळते. ती भरून फोन सुटतो का आणि तेवढ्यात सौदा परवडतो का, हे पाहूनच पुढचा पैसा घालावा.